पडद्यावरचा समुद्र: लाटा, फेस आणि खोलीचा रंग

संगणकीय खेळात दिसणारा खवळलेला समुद्र म्हणजे मुळात बिंदूंची एक सपाट जाळी असते. त्यात पाणी नसते आणि काही वाहतही नसते. ग्राफिक्स कार्डावर चालणारा एक छोटा प्रोग्रॅम जाळीच्या प्रत्येक बिंदूसाठी आणि पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलसाठी सेकंदाला साठेक वेळा चालतो. त्याला शेडर म्हणतात. समुद्राच्या शेडरला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: हा बिंदू या क्षणी कुठे आहे, तिथे फेस आहे का, आणि तिथल्या पाण्याचा रंग कोणता. पहिल्याचे उत्तर नीट काढले, तर दुसऱ्याचे जवळजवळ फुकटात मिळते.

लाट म्हटले की साइन वक्र आठवतो. बिंदूंना साइन वक्राप्रमाणे नुसते वर-खाली हलवले तर लाटा उठतात, पण त्या गुळगुळीत आणि लोळदार दिसतात, कारण साइन वक्राचा माथा आणि खळगा यांचा आकार सारखाच असतो. खऱ्या समुद्रात माथे अरुंद व टोकदार असतात आणि खळगे रुंद व उथळ. हा आकार नेमका देणारे गणित प्रागचे फ्रान्टिशेक गेर्स्टनर यांनी 1802 मध्ये मांडले. त्यांच्या लाटेत पाण्याचा कण वर-खाली न होता वर्तुळात फिरतो. लाट पुढे जाते, कण मात्र जवळपास जागच्या जागी राहतो. वर चढताना तो माथ्याकडे ओढला जातो, खळग्यात असताना त्यापासून दूर सरकतो. त्यामुळे माथ्याशी बिंदूंची दाटी होते आणि माथा आपोआप टोकदार बनतो. 1986 मध्ये आलँ फूर्निए आणि विल्यम रीव्ह्ज यांनी हे गणित संगणकीय चित्रणात आणले.

एका लाटेने समुद्र होत नाही, म्हणून अनेक लाटांची बेरीज करतात. उदाहरणासाठी तीनच लाटा घेऊ: 60 मीटर लांबीची 1.2 मीटर आयामाची, 31 मीटर लांबीची 0.9 मीटर आयामाची आणि 13 मीटर लांबीची 0.5 मीटर आयामाची. लांबी म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर, आणि आयाम म्हणजे शांत पातळीपासून माथ्याची उंची. 60, 30, 15 अशा सरळ पटी मुद्दामच टाळल्या आहेत, कारण तसे केल्यास तीच नक्षी ठरावीक अंतरावर पुन्हा उमटते आणि डोळा ती लगेच पकडतो.

या लाटांचा वेग मनाने ठरवायचा नसतो. खोल पाण्यात लांब लाट जास्त वेगाने धावते आणि तो वेग गुरुत्वाकर्षणावरून निघतो. त्या हिशेबाने आपली 60 मीटरची लाट सेकंदाला 9.7 मीटर, 31 मीटरची 7 मीटर आणि 13 मीटरची 4.5 मीटर जाते. नवशिक्या शेडरमध्ये सर्व लाटा एकाच वेगाने सोडलेल्या असतात. तेव्हा समुद्र घडी घातलेल्या गालिच्यासारखा अखंड पुढे सरकतो. चित्र थांबवले तर त्यात दोष दिसत नाही, ते हलू लागले की लगेच दिसतो.

प्रत्यक्ष शेडरचा गाभा एवढाच असतो:

```glsl
for (int i = 0; i < 3; i++) {
  float k = 6.2832 / L[i];
  float f = k * dot(D[i], p0) - sqrt(9.81 * k) * t;
  float s = k * A[i] * sin(f);
  pos.xz += D[i] * A[i] * cos(f);
  pos.y  += A[i] * sin(f);
  jxx -= s * D[i].x * D[i].x;
  jzz -= s * D[i].y * D[i].y;
  jxz -= s * D[i].x * D[i].y;
}
float J = jxx * jzz - jxz * jxz;
```

इथे `L` म्हणजे लाटांची लांबी, `A` आयाम, `D` दिशा आणि `t` वेळ. `p0` ही बिंदूची हलण्यापूर्वीची जागा आहे. ती जपून ठेवावी लागते. अनेकदा पुढच्या टप्प्यात चुकून हललेली जागा वापरली जाते. मग लाटेचा आकार बरोबर येतो, पण तिच्यावरची चकाकी आणि फेस माथ्यावरून घसरून बाजूला पडतात. `jxx` आणि `jzz` यांची सुरुवात 1 पासून होते, `jxz` ची 0 पासून.

शेवटच्या ओळीतला `J` म्हणजे जॅकोबियन. नाव भारदस्त असले तरी त्याचा अर्थ साधा आहे. शांत पाण्यावरचा एक चौरस मीटरचा तुकडा लाटेमुळे आडव्या दिशेने किती ताणला किंवा आवळला गेला, ते हा आकडा सांगतो. 1 म्हणजे होता तेवढाच, 1 पेक्षा कमी म्हणजे आवळलेला. शून्याखाली गेला, तर पृष्ठभाग स्वतःवरच दुमडला आहे. त्या ठिकाणी पडद्यावर माथ्याशी गाठ मारल्यासारखा एक विचित्र फास दिसतो.

वरच्या तीन लाटा एकाच दिशेने जात आहेत असे धरले तर हिशेब तोंडीही करता येतो. 60 मीटरची लाट आपल्या माथ्याशी `J` मधून 0.13 कमी करते, 31 मीटरची 0.18 आणि 13 मीटरची 0.24. तिन्ही माथे एकत्र आले की 0.45 उरतात, म्हणजे दुमडण्याची भीती नाही. आता `J` 0.55 पेक्षा कमी झाल्यावरच फेस काढायचा, असा नियम ठेवू. लहान दोन लाटांचे माथे जुळले तर `J` 0.58 होतो आणि फेस येत नाही. तिसरी मोठी लाट खालून आली की पांढरे होते. वाऱ्याच्या समुद्रातही सरसकट सगळे माथे पांढरे नसतात. लाटा एकमेकींवर चढून जिथे पाणी फार आवळले जाते, तिथेच माथा फुटतो. म्हणून उंचीवरून फेस ठरवण्याची पद्धत कितीही सोपी असली तरी टाकाऊच म्हणावी लागते. तिने प्रत्येक उंच माथ्यावर सारखीच पांढरी टोपी बसते, आणि उंच पण सुस्त, लांब लाटेवरही फेस येतो, जो खऱ्या समुद्रात दिसत नाही.

मात्र आणखी एक अडचण राहते. 60 मीटरची लाट 13 मीटरच्या लाटांना सेकंदाला 5.2 मीटर वेगाने मागे टाकते, म्हणजे दर अडीच सेकंदांनी नव्या माथ्याला गाठते. त्यामुळे `J` क्षणभर उतरतो आणि लगेच वर येतो, आणि फेस दिव्यासारखा लागतो-विझतो. खरा फेस हवेच्या बुडबुड्यांचा असतो. माथा पुढे निघून गेल्यावरही तो मागे पाण्यावर पसरून राहतो आणि हळूहळू विरतो. शेडरला ही आठवण वेगळी द्यावी लागते. समुद्राच्या पृष्ठभागाचा एक नकाशा ठेवून त्यात नवा फेस भरत जायचा आणि जुना दर फ्रेमला थोडा थोडा पुसायचा. काही सेकंदांत विरेल एवढा वेग ठेवला की लाटांच्या पाठीवर फेसाचे लांबट पट्टे उरतात.

रंगाचा हिशेब यापेक्षा वेगळा आहे. पाणी प्रकाश शोषते, पण सगळे रंग सारखे नाही. शुद्ध पाण्यात दर मीटरला शोषणाचा गुणांक तांबड्यासाठी सुमारे 0.34, हिरव्यासाठी 0.06 आणि निळ्यासाठी 0.01 असतो. प्रकाश पाण्यात जितके अंतर कापतो, त्या प्रमाणात तो घातांकी नियमाने घटतो. हा बेअर-लॅम्बर्ट नियम. पाच मीटर खोल पाण्याखालची पांढरी वाळू वरून पाहिली, तर सूर्याचा प्रकाश पाच मीटर खाली जाऊन पाच मीटर वर येतो. या दहा मीटरांत तांबड्याचा 3 टक्के, हिरव्याचा 55 टक्के आणि निळ्याचा 90 टक्के भाग उरतो, म्हणून वाळू फिरोजी दिसते. एक मीटर खोलीवर तांबडा अर्धा शिल्लक असतो, त्यामुळे तिथे वाळूचा रंग जवळपास जसाच्या तसा राहतो. वीस मीटरांवर हिरवाही दहा टक्क्यांच्या खाली जातो आणि पाणी गडद निळे होते. उथळापासून खोलाकडे जाणारी ही रंगांची सगळी छटा एका ओळीत मिळते:

```glsl
vec3 T = exp(-vec3(0.34, 0.06, 0.01) * d);
color = bottom * T + deep * (1.0 - T);
```

`d` हे प्रकाशाने पाण्यात कापलेले अंतर. दुसऱ्या ओळीतला `deep` विसरला तर खोल समुद्र काळा कुळकुळीत होतो, कारण नुसते शोषण प्रकाश खातच जाते. प्रत्यक्षात पाणी काही प्रकाश विखुरून डोळ्यांकडे परतही पाठवते.

`d` काढताना बहुतेक शेडर फसतात. सोपा मार्ग असा की त्या पिक्सेलमागे तळ किती लांब आहे ते पाहायचे, त्यातून पाण्याच्या पृष्ठभागाचे अंतर वजा करायचे. सरळ खाली पाहताना हे ठीक चालते. पण किनाऱ्यावर उभे राहून क्षितिजाच्या जेमतेम दहा अंश खाली पाहिले, तर एक मीटर खोल पाण्यासाठी हे अंतर 5.8 मीटर निघते. खरा किरण पाण्यात शिरताच अपवर्तनाने खाली वळतो आणि सुमारे 1.5 मीटर जाऊनच तळाला लागतो. परतीच्या या एका वाटेत खऱ्या पाण्यात तांबड्याचा 60 टक्के भाग उरतो, सोप्या हिशेबात 14 टक्के. परिणामी पायापाशी पारदर्शक असलेले पाणी थोडे दूर गेले की शाईसारखे दिसते. `d` काढताना वळलेल्या किरणाची दिशा घेतली की हा दोष जातो. तिरप्या नजरेला सुमारे एक तृतीयांश प्रकाश पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो, म्हणून काही वेळा ही चूक आकाशाच्या प्रतिबिंबात झाकून जाते, एवढेच.

वरचे गुणांक शुद्ध पाण्याचे आहेत. कोकण किनाऱ्याला ते बारा महिने लागू पडणार नाहीत. हिवाळ्यात तारकर्लीला तळ दिसतो. पावसाळ्यात नद्या गाळ आणि कुजलेल्या पानांचा पिवळसर अर्क घेऊन येतात. हा अर्क नेमका निळा प्रकाश शोषतो आणि गाळ उरलेला प्रकाश विखुरतो, म्हणून समुद्र मातकट हिरवा होतो. शेडरमध्ये त्यासाठी निळ्याचा गुणांक बराच वाढवावा लागतो आणि `deep` ला मातकट रंग द्यावा लागतो.

तीन लाटा समजून घ्यायला पुरतात, चित्राला पुरत नाहीत. जवळच्या दृश्यासाठी आठ-दहा लाटा आणि बारीक तरंगांसाठी वेगळी नक्षी, असे करतात. खुल्या समुद्रासाठी जेरी टेसेनडॉर्फ यांनी रूढ केलेली पद्धत हजारो लाटांची बेरीज फूरिए रूपांतराने एकदम करते आणि माथा फुटण्याची जागा तीही जॅकोबियनवरूनच ओळखते. मात्र दोन्ही पद्धती खोल पाण्यापुरत्याच खऱ्या आहेत. किनाऱ्याशी लाट मंदावते, वळते, उभी राहते आणि कमानीसारखी कोसळते. जाळीच्या बिंदूंना वर्तुळात फिरवून ती कमान कधीच तयार होत नाही. त्यासाठी पाण्याच्या प्रवाहाचे वेगळे गणित लागते.