निद्रिस्त खाते आणि परत फिरलेली रक्कम

बचत खात्यात शिल्लक आहे, तिच्यावर दर तिमाहीस व्याज जमा होत आहे, खातेक्रमांकात काही चूक नाही. आणि तरीही त्या खात्यावर पाठविलेली रक्कम आली तशी परत जाते. असे झाले म्हणजे खातेदाराचा पहिला संशय पाठविणाऱ्यावर जातो, आणि पाठविणाऱ्याचा बँकेवर. वस्तुतः पुष्कळदा दोष दोघांचाही नसतो. खाते फार दिवस कोणी हाताळलेले नसते, म्हणून बँकेने ते ‘निष्क्रिय’ खात्यांच्या वर्गात टाकलेले असते. बँकेतील मंडळी बोलताना अशा खात्याला ‘डॉर्मंट’ म्हणतात.

खाते निष्क्रिय केव्हा होते, ह्याचा नियम सोपा आहे. पण तो नीट समजून घेतला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ रोजी काढलेल्या आणि त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून अमलात आलेल्या परिपत्रकाप्रमाणे, ज्या बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराकडून झालेला एकही व्यवहार नाही, ते निष्क्रिय समजावयाचे. येथे ‘खातेदाराकडून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बँकेने व्याज जमा केले, संदेशांचे शुल्क कापले किंवा दंड आकारला, तर पासबुकात ओळी वाढतात, पण ते व्यवहार बँकेचे, खातेदाराचे नव्हेत. म्हणून छापील नोंदींनी भरलेले पासबुकही निष्क्रिय खात्याचे असू शकते. उलट खातेदाराने स्वतः पैसे भरले वा काढले, त्याच्या कायम सूचनेनुसार दरमहा हप्ता गेला, किंवा त्याने आपली ओळखीची कागदपत्रे नव्याने दिली, तर ती हालचाल त्याची धरली जाते. आणखी एक गोष्ट अशी की, हा हिशेब माणसाचा नसून खात्याचा असतो. एकाच बँकेत एखाद्याची तीन खाती असली आणि दोन रोज चालत असली, तरी तिसरे निष्क्रिय होण्यास त्यामुळे अडथळा येत नाही.

उदाहरण म्हणून असे समजावे की, साताऱ्याच्या एका कारखान्यात काम करणारा तंत्रज्ञ नोकरी बदलून इंदूरला गेला. साताऱ्याच्या शाखेतील जुने पगाराचे खाते त्याने तसेच राहू दिले. त्यात सुमारे नऊ हजार रुपये होते. मार्च २०२२ मध्ये गावी गेला असता त्याने एटीएममधून दोन हजार काढले, तोच त्याचा शेवटचा व्यवहार. नवा पगार दुसऱ्या बँकेत जमा होऊ लागला. जुना मोबाइल क्रमांकही सुटला, आणि खाते निष्क्रिय होण्यापूर्वी बँक ज्या सूचना पाठविते, त्या सुटलेल्या क्रमांकावर आणि साताऱ्याच्या रिकाम्या बिऱ्हाडी जात राहिल्या. मार्च २०२४ मध्ये दोन वर्षे उलटली. त्या दिवशी इंदूरला त्याच्या आयुष्यात काहीही घडले नाही.

जुलै २०२५ मध्ये गावाकडील घराच्या दुरुस्तीसाठी धाकट्या भावाने आपल्या वाट्याचे चाळीस हजार रुपये त्या खात्यावर एनईएफटीने पाठविले. पैसे त्याच्या खात्यातून वजा झाले आणि काही वेळाने परत जमा झाले. संध्याकाळी त्याने दूरध्वनी करून विचारले, “दादा, तुझं खातं बंद केलंस का?” त्याच महिन्यात प्राप्तिकराचा परतावा, १८,६४० रुपये, ह्याच खात्याकडे निघाला आणि तोही परतला. कर विभागाच्या संकेतस्थळावर हे खाते काही वर्षांपूर्वी पडताळून नोंदविलेले होते. त्यानंतर बँकेत काय झाले, ह्याची तेथे दाद लागली नव्हती.

रक्कम अशी परतली म्हणजे ती हरवत नाही. एनईएफटीचे व्यवहार दिवसरात्र दर अर्ध्या तासाच्या तुकड्यांत मिटविले जातात. आणि ज्या बँकेला रक्कम खात्यावर जमा करता येत नाही, तिने ती त्या तुकडीच्या मिटवणीनंतर दोन तासांच्या आत पाठविणाऱ्या बँकेकडे परत केली पाहिजे. विलंब झाल्यास बँकेला व्याज द्यावे लागते. तेव्हा भावाने करावयाचे ते इतकेच की, आपल्या खात्याच्या उताऱ्यात परतीची नोंद पाहावी आणि तिच्यापुढे दिलेले कारण वाचावे.

ते कारण वाचणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय. सर्व निष्क्रिय खाती येणारी रक्कम नाकारतातच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाचा भर पैसे बाहेर जाण्यावर आहे: खातेदाराने खाते जागे केल्याशिवाय त्यातून काही काढता येऊ नये, हा त्याचा हेतू. त्यामुळे काही ठिकाणी रक्कम आत येते पण बाहेर निघत नाही. आणि ही अवस्था परत फिरलेल्या रकमेपेक्षा अधिक अडचणीची, कारण पाठविणारा निर्धास्त असतो व घेणारा एटीएमपुढे उभा राहून चकित होतो. रक्कम आत आली म्हणून खाते जागे झाले, असेही समजू नये. दुसरीकडे, ओळखीची कागदपत्रे, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘केवायसी’ म्हणतात ती, मुदतीत न दिल्यामुळे खाते गोठविलेले असू शकते. न्यायालयाच्या किंवा तपास यंत्रणेच्या आदेशाने गोठविलेले खाते हा तिसराच प्रकार. तेथे शाखेतील अर्जाने काही साधत नाही. शिवाय खाते अगदी धडधाकट असून केवळ शाखेचा आयएफएससी संकेत जुना झालेला असतो. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि आंध्र व कॉर्पोरेशन ह्या बँका युनियन बँकेत विलीन झाल्या. त्यांच्या शाखांचे जुने संकेत पुढे बदलले. जुन्या चेकबुकावरून संकेत उतरवून घेणाऱ्याची रक्कम परत येते ती ह्यामुळे. म्हणून शाखेत गेल्यावर ‘खाते चालू करा’ असे म्हणण्याआधी ‘खात्यावर नेमकी कोणती खूण आहे’ असे विचारावे.

आपल्या तंत्रज्ञाच्या खात्यावर निष्क्रियतेची खूण होती आणि केवायसीही थकलेली होती. त्यासाठी साताऱ्यास जाण्याचे कारण नव्हते. निष्क्रिय खाते जागे करण्याकरिता कागदपत्रे देण्याची सोय बँकेच्या कोणत्याही शाखेत असली पाहिजे, असा नियम आहे. त्या बँकेची शाखा इंदूरला होती. चित्रफितीद्वारे ओळख पटविण्याचा मार्गही मागता येतो, पण बँकेत जुनाच मोबाइल क्रमांक नोंदलेला असेल तर एकवेळचा संकेत, म्हणजे ओटीपी, त्या क्रमांकावर जातो. आणि तो क्रमांक एव्हाना दुसऱ्या कोणाच्या हाती असू शकतो. अशा वेळी स्वतः शाखेत जाणेच शहाणपणाचे.

शुक्रवार, १ ऑगस्ट रोजी तो इंदूरच्या शाखेत गेला. खातेक्रमांक लिहिलेला अर्ज, छायाचित्र, पॅन आणि आधार एवढे त्याने दिले. अर्ज घेणाऱ्याने दोन उणिवा दाखविल्या. आधारावर पत्ता साताऱ्याचा होता, आणि पंधरा वर्षांपूर्वी दिलेली सही आजच्या सहीशी जुळत नव्हती. सध्याच्या पत्त्यासाठी दोन महिन्यांच्या आतले विजेचे किंवा दूरध्वनीचे बिल चालते. मात्र त्यानंतर तीन महिन्यांत नवा पत्ता असलेले ओळखपत्र द्यावे लागते. सोमवारी, ४ तारखेस, त्याने विजेचे बिल आणले, नमुना सह्यांचे नवे कार्ड भरून दिले, मोबाइल क्रमांक बदलण्याचा अर्ज जोडला आणि दिनांकित पोच घेतली.

ही पोच क्षुल्लक वाटते, पण सारी मुदत तिच्यावर अवलंबून असते. परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेने खाते सुरू करावयाचे आहे. शुक्रवारचा अर्ज अपुरा होता; म्हणून मोजणी सोमवारपासून झाली आणि गुरुवारी, ७ ऑगस्टला, खाते सुरू झाल्याचा संदेश नव्या क्रमांकावर आला. ह्या कामासाठी बँकेला शुल्क घेता येत नाही. खाते निष्क्रिय असलेल्या काळात किमान शिल्लक नव्हती म्हणून दंडही लावता येत नाही, आणि व्याज तर थांबतच नाही; तेव्हा उतारा मागवून मार्च २०२४ नंतरच्या वजावटी एकदा पाहून घ्याव्यात. मुदत उलटूनही खाते सुरू न झाल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

संदेश आला म्हणजे काम संपले, अशी समजूत होण्याचा संभव आहे. परतलेली रक्कम आपण होऊन पुन्हा येत नाही. ती पुन्हा पाठवावी लागते. त्याने प्रथम पाचशे रुपये भरले व दोनशे काढले, आणि भावाला एक रुपया पाठवावयास सांगितले. तो जमा झाल्यावर चाळीस हजार आले. नव्याने जागे झालेल्या खात्यावर काही दिवस व्यवहारांची संख्या आणि रक्कम मर्यादित ठेवण्याची मुभा बँकांना आहे, त्यामुळे मोठी रक्कम काढावयाची असेल तर ती मर्यादा आधी विचारलेली बरी.

प्राप्तिकराच्या परताव्यासाठी क्रम सांभाळावा लागला. संकेतस्थळावर खाते पुन्हा पडताळून त्यापुढे Validated असा शेरा दिसल्यावरच Services ह्या सदरातील Refund Reissue येथे मागणी नोंदवावयाची व आधारच्या ओटीपीने ती प्रमाणित करावयाची. खाते निद्रिस्त असतानाच मागणी केली, तर परतावा पुन्हा तोच फेरा करून येईल. खरे पाहता परताव्यापुरते बोलावयाचे तर त्याला पगाराचे चालू खाते तेथे नोंदवून मोकळे होता आले असते. जुन्या खात्यातील शिल्लक मात्र त्या वाटेने सुटली नसती.

तेही न सोडविता दहा वर्षे गेली असती, तर ती शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत वर्ग झाली असती. हा निधी २०१४ मध्ये स्थापन झाला. तेथे गेलेली रक्कमही खातेदाराची वा त्याच्या वारसांचीच राहते, आणि ती मूळ बँकेकडेच मागावयाची असते. कोणत्या बँकेत कोणाच्या नावे अशी ठेव पडून आहे, हे २०२३ पासून UDGAM ह्या संकेतस्थळावर शोधता येते.