ब्रॅकेटसाठी पत्रा किती कापावा?

बाभुळगावी ट्रॉलीचा काटकोनी ब्रॅकेट करवताना बाहेरून ६० व ४० मि.मी. बाजू हव्यात म्हणून १०० मि.मी. पत्रा कापू नका. तो लांब भरतो, भोके जुळत नाहीत.

जाडी ५, आतल्या वळणाची त्रिज्या ५ मि.मी. धरू. प्रत्येक बाजूतून या दोहोंचे मिळून १० वजा करा. सरळ भाग ५० आणि ३० उरले. वाकताना पत्रा बाहेरून ताणतो, आतून दबतो. मधला एक थर मात्र मूळ लांबीचाच राहतो. तो आतून साधारण जाडीच्या ०.४ वर, म्हणजे २ मि.मी.वर असतो, त्याची त्रिज्या ७. काटकोन म्हणजे वर्तुळाचा चौथा भाग, ७ × १.५७ = ११. एकूण ९१ मि.मी.

पत्रा ४५ अंशच वळवला, तर वळणाला साडेपाच लागतात आणि वजाबाकीही दर बाजूला सुमारे ४ च होते.

हा ०.४ पत्र्यागणिक थोडा बदलतो. म्हणून आम्ही सांगतो, त्याच पत्र्याची ९१ ची पट्टी आधी वाकवून मोजा.