कटिशूल व पायातील मुंग्या
कटिशूल व पायातील मुंग्या : शेवटच्या बरगडीपासून नितंबाच्या खालच्या घडीपर्यंतच्या भागात होणाऱ्या वेदनेस कटिशूल (कंबरदुखी) म्हणतात. तिच्याबरोबर पायात मुंग्या येऊ लागल्या की ‘शीर दबली’ असे म्हणण्याची रीत आहे. हा शब्दप्रयोग सैल आहे, कारण बोलीत ‘शीर’ हा शब्द रक्तवाहिनी, स्नायूची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आणि तंत्रिका (मज्जातंतूंचा जुडगा) या तिन्हींसाठी वापरला जातो. दबण्याचा संशय असतो तो पाठीच्या कण्यातून बाहेर पडणाऱ्या तंत्रिकेच्या मुळाविषयी. मुंग्या येणाऱ्या प्रत्येक रुग्णात हे मूळ दबलेले असतेच असे नाही. नुसता स्नायू किंवा अस्थिबंध ताणला गेला असतानाही पायात काहीतरी जाणवू शकते. या दोन अवस्थांतील फरक बहुतांशी रुग्णाने केलेल्या वर्णनावरून आणि साध्या शारीरिक तपासणीवरून कळतो.

कमरेत पाच मणके असून त्यांच्याखाली त्रिकास्थी हे हाड असते. दर दोन मणक्यांमध्ये एक चिवट चकती असते. तिच्या बाहेरच्या बाजूस तंतूंचे वलय आणि आत मऊ मगज असतो. मेरुरज्जू (कण्याच्या पोकळीतील मज्जारज्जू) प्रौढ माणसात साधारणपणे कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याखालच्या पोकळीत तंत्रिकांची मुळे घोड्याच्या शेपटीतील केसांप्रमाणे लोंबत असतात व एकेक जोडी आपापल्या छिद्रातून बाहेर पडते. चकतीच्या मागच्या बाजूस मध्यभागी एक अस्थिबंध आधार देतो, पण कडेला हा आधार विरळ असतो. त्यामुळे वलय फाटले, तर मगज बहुधा मागे व कडेला सरकतो आणि नेमके तेथूनच मूळ जात असते. बॉस्टन येथील विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये या प्रकाराचे सविस्तर वर्णन केले. तोपर्यंत गृध्रसी (नितंबापासून पायात उतरणारी वेदना) हा तंत्रिकेचाच रोग मानण्याकडे कल होता.

स्नायू ताणल्यामुळे होणारी वेदना ही मुख्यतः कमरेची वेदना असते. ती वाकताना व कूस बदलताना वाढते, एखाद्या स्थितीत विसावते आणि कण्याच्या कडेला दाबले असता दुखते. ती नितंबात व मांडीच्या मागेही पसरू शकते. याचे कारण असे की, कमरेचे खोल स्नायू आणि मांडी यांच्या संवेदना मेरुरज्जूच्या त्याच पातळ्यांवर पोहोचतात आणि वेदनेचे मूळ स्थान मेंदूला नीट ठरविता येत नाही. ब्रिटिश वैद्य केलग्रेन यांनी १९३८ मध्ये स्वयंसेवकांच्या स्नायूंत तीव्र मिठाचे द्रावण टोचून अशी दूरस्थ वेदना मुद्दाम उत्पन्न करून दाखविली. ही वेदना खोल व बोथट असते. ती ‘कुठे’ असे विचारले, तर रुग्ण बोट ठेवत नाही, तळहात फिरवितो. ती गुडघ्याखाली क्वचितच उतरते. तिच्याबरोबर येणाऱ्या मुंग्या अस्पष्ट असतात व कापसाचा बोळा फिरविला असता स्पर्श दोन्ही पायांना सारखाच जाणवतो.

मूळ दबल्याने येणाऱ्या मुंग्यांना मात्र वाट असते. प्रत्येक मूळ त्वचेचा ठराविक पट्टा आणि ठराविक स्नायू सांभाळते. त्यामुळे वेदना पट्ट्यासारखी अरुंद, विजेच्या धक्क्यासारखी आणि गुडघ्याखाली पावलापर्यंत जाणारी असते. पुष्कळदा पाय कमरेपेक्षा अधिक दुखतो. खोकला, शिंक किंवा शौचाच्या वेळी कुंथणे यांमुळे कळ पावलापर्यंत जाते. कमरेचे पाचवे मूळ दबले, तर मुंग्या नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या पाठीवर व अंगठ्याकडे येतात, अंगठा वर उचलण्याची शक्ती कमी होते आणि टाचांवर चालणे अवघड जाते. त्रिकास्थीचे पहिले मूळ दबले, तर त्या पोटरीच्या मागून पावलाच्या बाहेरच्या कडेला व करंगळीकडे जातात, चवड्यावर उभे राहणे कठीण होते आणि घोट्यामागील कंडरेवर रबरी हातोडी मारली असता मिळणारा प्रतिक्षेप (आपोआप होणारी हालचाल) मंदावतो किंवा नाहीसा होतो. वृद्धांत हा प्रतिक्षेप दोन्ही बाजूंस स्वभावतःच नसू शकतो, म्हणून महत्त्व असते ते दोन पायांतील फरकाला. चकती सरकण्याचे बहुसंख्य प्रकार कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांत घडत असल्याने हीच दोन मुळे बहुधा सापडतात.

सरळ पाय उचलण्याची कसोटी या तपासणीत मध्यवर्ती आहे. रुग्णास उताणे निजवून गुडघा न वाकविता त्याचा पाय टाचेला धरून सावकाश वर उचलतात. सुमारे ३०° ते ७०° या दरम्यान मुळे ताणली जातात. ती दबलेली किंवा सुजलेली असल्यास नेहमीची कळ गुडघ्याखाली उतरते व पाऊल वर वाकविले असता ती वाढते. केवळ कंबर दुखली किंवा मांडीमागे ओढ बसली, तर कसोटी खरी ठरली असे धरू नये. ही चूक वारंवार होते आणि त्यातून ‘शीर दबल्याचे’ अनावश्यक निदान होते. चांगला पाय उचलताना दुखऱ्या पायात कळ येणे हे चिन्ह कमी आढळते, पण आढळल्यास त्याचे वजन फार असते. ही कसोटी पॅरिसच्या शार्ल लासेग यांच्या नावाने ओळखली जाते. तथापि तिचे वर्णन त्यांचे शिष्य फॉर्स्ट यांनी १८८१ मध्ये केले आणि बेलग्रेडच्या लाझारेविच यांनी त्याच्या आदल्याच वर्षी ती मांडली होती.

दोन्ही अवस्था एकाच रुग्णात एकापाठोपाठ कशा दिसू शकतात, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. ३८ वर्षांच्या एका शिक्षकाने स्वयंपाकघरात भरलेले गॅसचे सिलिंडर (वजन सुमारे ३० किग्रॅ.) वाकून उचलले आणि उचलता उचलता अंग वळविले. कमरेत उसण भरली व सरळ उभे राहता येईना. दुसऱ्या दिवशी उजव्या नितंबात व मांडीमागे बोथट वेदना आणि बराच वेळ बसल्यास थोड्या मुंग्या होत्या. तपासणीत उजवा पाय ७५° पर्यंत उचलता आला व तेव्हा फक्त कंबर दुखली. स्पर्श, शक्ती व प्रतिक्षेप दोन्ही बाजूंस सारखे होते. हा स्नायू-अस्थिबंधांचा ताण समजून त्यांना शेक, वेदनाशामक औषध आणि झेपेल तितके हिंडणेफिरणे सांगण्यात आले. नेमका कोणता स्नायू ताणला हे अशा वेळी सिद्ध करता येत नाही आणि त्याची आवश्यकताही नसते. सक्तीची दीर्घ विश्रांती पूर्वी सर्रास सांगितली जाई. तिने लाभ होत नाही, हे आता मान्य झाले आहे.

नवव्या दिवशी कंबर हलकी झाली, पण शिंकेबरोबर उजव्या नडगीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत कळ जाऊ लागली आणि जिना चढताना चपलेचे टोक पायरीला अडखळू लागले. कंबर कमी दुखते म्हणून बरे वाटत आहे असा समज येथे फसवा ठरतो. वेदना खाली उतरणे हे वाईट चिन्ह आणि पायातून कमरेकडे माघारी येणे हे चांगले चिन्ह होय. आता उजवा पाय ४०° वरच थांबला, डावा उचलतानाही कळ उजवीकडे गेली, अंगठा व त्याच्या शेजारचे बोट यांमधील त्वचेवर स्पर्श मंद लागला आणि टाचांवर चालताना उजवा चवडा किंचित खाली पडू लागला. घोट्याचे प्रतिक्षेप मात्र समान होते. यावरून उजवे पाचवे मूळ, बहुधा चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकतीमुळे, दबले असावे असा तर्क होतो. तो तर्कच असतो, कारण तेच मूळ आणखी खाली, आपल्या छिद्राशीही दबू शकते.

दुर्बलता अल्प असल्याने चार दिवसांनी शक्ती पुन्हा मोजण्यात आली. ती तितकीच भरली. ती घटली असती, तर लगेच एमआरआय प्रतिमा काढून शस्त्रक्रियाविशारदाचा सल्ला घेणे आवश्यक झाले असते. तिसऱ्या आठवड्यात टाचांवर चालणे सुधारले, सहाव्या आठवड्यात कळ बहुतेक थांबली. अंगठ्याजवळच्या मुंग्या मात्र आणखी काही महिने रेंगाळल्या. वेदना आधी, शक्ती नंतर आणि मुंग्या सर्वांत शेवटी, असा क्रम पुष्कळदा दिसतो. बाहेर आलेला मगज अनेकांत हळूहळू आक्रसतो, म्हणून बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेवाचून सुधारतात.

एमआरआय पहिल्याच दिवशी का काढू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ व्यक्तींच्या प्रतिमा तपासल्या असता निम्म्याहून अधिक जणांत एखादी तरी चकती फुगलेली आढळली. फुगलेली चकती दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे त्यामुळे म्हणता येत नाही. मुंग्यांची वाट, कमी झालेली शक्ती आणि प्रतिमेतील चकती ही तिन्ही एकाच मुळाकडे बोट दाखवीत असतील, तरच प्रतिमेला अर्थ येतो.

काही मुंग्यांचा उगम कण्यात नसतोच. शेतात किंवा बांधकामावर तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, हाडावरून वळणारी तंत्रिका दबते व पाऊल लुळे पडते. पाचव्या मुळाशी याचे साम्य फसवे असते. परंतु कंबर दुखत नाही आणि पाऊल आतल्या बाजूस वळविण्याची शक्ती शाबूत राहते. मधुमेहात दोन्ही पावलांना मोजे घातल्यासारखा बधिरपणा येतो. उतारवयात चालताना दोन्ही पाय भरून येणे व बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर ते हलके होणे, हे कण्याची पोकळी अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. रात्रीही न थांबणाऱ्या कंबरदुखीबरोबर ताप असल्यास किंवा वजन घटत असल्यास मणक्याचा क्षय अथवा अर्बुद (गाठ) यांचा शोध घेतात. भारतात क्षयाचा विचार आधी करावा लागतो.

मोठी चकती मध्यभागी सरकून लोंबणारी सर्वच मुळे दाबते, तेव्हा थांबून पाहण्यास वाव नसतो. अशा वेळी गुदद्वार, जननेंद्रिय व मांड्यांची आतली बाजू, म्हणजे खोगिरावर बसताना टेकणारा भाग, बधिर होतो. लघवी तुंबते किंवा ती भरल्याची जाणीवच होत नाही, आणि दोन्ही पाय दुबळे होतात. वेदना कमी असली तरी रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात नेऊन प्रतिमा काढतात व मुळांवरील दाब तातडीने दूर करतात. मूत्राशयावरील ताबा एकदा पूर्ण गेल्यावर शस्त्रक्रियेनंतरही तो परत येईलच अशी खात्री नसते. म्हणून कंबरदुखी व मुंग्या असलेल्या रुग्णास लघवीविषयी स्पष्ट विचारावे लागते. संकोचामुळे तो आपण होऊन ते सांगत नाही.