दोस्तांचा सर्व्हर सांभाळताना

डिस्कॉर्ड हे गप्पांचे अ‍ॅप मे २०१५ मध्ये सुरू झाले, ते मुळात गेम खेळणाऱ्यांसाठी. खेळत असतानाच एकमेकांशी बोलता यावे ही त्यामागची गरज होती. त्यावर कोणालाही फुकटात स्वतःचा सर्व्हर उघडता येतो आणि त्यात लिहिण्यासाठी व बोलण्यासाठी वेगवेगळी चॅनेल ठेवता येतात. कॉलेजातले पाच-सहा जण, त्यांचे चुलत-मावस भाऊ, गेममध्येच ओळख झालेले दोघे-तिघे असे करत करत सर्व्हर तीस-चाळीस जणांचा होतो. तिथपासून त्याची देखरेख कोणीतरी ठरवून करावी लागते. हे काम करणारा तो मॉडरेटर, बोलण्यात नुसता ‘मॉड’.

मित्रांच्या सर्व्हरवरची सगळ्यात सर्रास चूक पहिल्याच आठवड्यात होते. ‘आपलेच तर आहेत सगळे’ म्हणून मालक प्रत्येकाला `Administrator` ही परवानगी देऊन टाकतो. या एका परवानगीत बाकीच्या सगळ्या परवानग्या येतात आणि एखाद्या चॅनेलपुरते घातलेले बंधनही तिच्यापुढे चालत नाही. शिवाय ज्याच्याकडे ती आहे त्याला टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळेपुरते गप्प बसवणे, लागूच होत नाही. खुद्द मालकालाही आधी त्याचा रोल काढून घ्यावा लागतो. भांडण पेटलेले असताना कोणाचा रोल काढून घेणे म्हणजे त्या भांडणात आणखी एक कारण घालणे. म्हणून ही परवानगी मालकाजवळ आणि फार तर त्याच्या गैरहजेरीत सर्व्हर बघणाऱ्या एका विश्वासातल्या माणसाजवळ असावी.

रोल म्हणजे परवानग्यांचा एक गठ्ठा आणि त्याला दिलेले नाव. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये रोल एकाखाली एक लावलेले असतात आणि हा क्रम नुसता दिसण्यापुरता नसतो. मॉडला आपल्या सर्वांत वरच्या रोलच्या खाली असलेल्यांवरच कारवाई करता येते. बरोबरीच्याला किंवा वरच्याला तो हात लावू शकत नाही. सगळ्यांत तळाशी `@everyone` असतो आणि तो प्रत्येकाला आपोआप मिळतो. दुसरे लक्षात ठेवायचे ते असे, की सर्व्हरच्या पातळीवर परवानग्यांची बेरीज होते. एखादी गोष्ट `@everyone` ला दिलेली असेल, तर दुसऱ्या रोलमध्ये ती बंद ठेवून काही साधत नाही. म्हणून सुरुवात तळापासून करावी. सगळ्यांना एकदम हाक मारण्याची सोय आणि आमंत्रणाची लिंक बनवण्याची परवानगी `@everyone` कडून काढावी, मग ज्याला गरज आहे त्याला ती वरच्या रोलमधून द्यावी. रात्री दोन वाजता सगळ्यांचे फोन वाजवणारा एक तरी मित्र प्रत्येक गटात असतोच.

तीस-चाळीस जणांना चार रोल पुरतात: मालक, मॉड, जुने सदस्य आणि नवे. मॉड दोन किंवा तीन असावेत. एकच असेल तर तो स्वतः भांडणात सापडला की बघणारा कोणी उरत नाही. मॉडच्या रोलला चार गोष्टी हव्यात: इतरांचे मेसेज काढता येणे, टाइमआउट देता येणे, चॅनेलवर स्लोमोड लावता येणे आणि बोलण्याच्या चॅनेलमध्ये एखाद्याला म्यूट करता किंवा दुसरीकडे हलवता येणे. सर्व्हरबाहेर काढण्याचा, म्हणजे किक आणि बॅनचा अधिकार मालकाकडेच राहिलेला बरा. निव्वळ रंगासाठी किंवा मिरवण्यासाठी रोल हवे असतील तर ते खुशाल बनवावेत, फक्त त्यांना एकही परवानगी जोडू नये.

नियम थोडे असावेत आणि ते मोडले की नाही हे वाचताक्षणी ठरवता यावे. ‘एकमेकांशी आदराने वागा’ हा नियम जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर सापडतो आणि भांडणाच्या वेळी त्याचा काडीचा उपयोग होत नाही, कारण समोरच्यानेच आधी अनादर केला अशी दोन्ही बाजूंची खात्री असते. त्याऐवजी असे लिहिता येते: खेळावरून चिडवणे चालेल, आई-बहिणीवरून, जातीवरून, दिसण्यावरून शिवी दिली की एक तासाचा टाइमआउट, मग ती गंमतीत असो वा रागात. कोणाचा फोन नंबर, फोटो किंवा खासगी चॅटचा स्क्रीनशॉट त्याला न विचारता टाकायचा नाही. नवा माणूस आणायचा तर आधी मॉडला सांगायचे. मित्रांच्या गटात शिवी हा बोलण्याचाच भाग असतो हे खरे आहे. म्हणूनच कोणती चालते आणि कोणती नाही ही रेघ सगळ्यांनी मिळून, शांत वेळी, आधी ओढलेली असावी लागते.

भांडणे बहुतेक वेळा हरलेल्या मॅचनंतर होतात. समजा, रात्रीचे पावणेबारा झाले आहेत आणि चौघांचे स्क्वाड बीजीएमआय खेळत आहे. शेवटच्या झोनमध्ये एक जण नॉक होतो आणि रिव्हाइव्हसाठी ओरडतो. सगळ्यात जवळचा साथीदार त्याच्याकडे न येता दुसऱ्या घराच्या आडोशाला पळतो. स्क्वाड संपते. बोलण्याच्या चॅनेलमध्ये आवाज चढतात, एक जण चॅनेल सोडून जातो आणि पुढचे सगळे `#गप्पा` या लिहिण्याच्या चॅनेलवर उतरते. सातआठ मेसेजमध्ये विषय रिव्हाइव्हवरून ‘तू नेहमीच असा’वर जातो, मागच्या महिन्यातल्या टुर्नामेंटचे उसने पैसे निघतात आणि मग आईवरून शिवी येते. बघणारे हसण्याच्या इमोजी टाकत असतात. त्या इमोजी इथे जास्त घातक ठरतात, कारण प्रेक्षकांसमोर माघार घेणे दोघांनाही कठीण जाते.

अशा वेळी मॉडने पहिल्यांदा स्वतःकडे बघायचे. तो त्याच स्क्वाडमध्ये असेल तर त्याने काहीही न करता दुसऱ्या मॉडला बोलवावे. दुसरा मॉड आधी चॅनेलवर स्लोमोड लावतो. त्यामुळे प्रत्येकाला एका मेसेजनंतर ठरावीक वेळ थांबावे लागते. पाच सेकंदांपासून सहा तासांपर्यंत हा अवधी निवडता येतो. इथे तीस सेकंद पुरतात. यात कोणा एकाचे नाव येत नाही, सगळ्यांनाच सारखे थांबावे लागते आणि त्या अर्ध्या मिनिटात निम्मा राग टाइप न होताच विरतो. मग तो एकच मेसेज लिहितो: “आज इथेच थांबवू. रिव्हाइव्हचं उद्या संध्याकाळी बोलू.” चूक कोणाची, याबद्दल त्यात अवाक्षर नसते.

शिवी देणाऱ्याला एक तासाचा टाइमआउट मिळतो, कारण नियम तसा आहे. दुसऱ्याला मिळत नाही. ‘दोघांनाही द्या, म्हणजे तक्रार नको’ हा मोह टाळायला हवा, नाहीतर नियम पाळूनही शिक्षा होते असे सगळ्यांना दिसते. टाइमआउटमध्ये माणूस सर्व्हरवरच राहतो, त्याला सगळे वाचता येते, फक्त लिहिता, बोलता किंवा इमोजी टाकता येत नाही. मॉड कारण म्हणून जे लिहितो ते नोंदवहीत, म्हणजे `Audit Log` मध्ये जाते, शिक्षा झालेल्याला ते आपोआप कळत नाही. म्हणून लगेच त्याला खासगीत कळवावे: “आईवरून शिवी आली म्हणून एक तास टाइमआउट दिलाय. रिव्हाइव्हची तुझी तक्रार चुकीची आहे असं मी म्हणत नाहीये. उद्या बोलूया.” या खासगी निरोपाशिवाय टाइमआउट म्हणजे नुसता अपमान वाटतो.

किक इथे का नको, तेही बघायला हवे. किक केलेला माणूस आमंत्रणाची लिंक मिळाली की लगेच परत येऊ शकतो, म्हणजे भांडण थांबत नाही. त्याचे रोल मात्र जातात. परत आल्यावर जुन्या सदस्याचे नाव नव्यांच्या रांगेत दिसते आणि ते सगळे बघतात. दुसऱ्या दिवशी हेच दोघे कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसणार असतात.

दुसरी गफलत मेसेज काढून टाकण्याची. चॅनेल स्वच्छ करण्याच्या घाईत मॉड सगळे भांडण पुसतो आणि सकाळी कोणी काय म्हटले यावरूनच नवा वाद होतो. काढलेला मेसेज परत आणता येत नाही. मॉडने कोणाचा मेसेज काढला एवढी नोंद राहते, मजकूर राहत नाही, आणि माणसाने स्वतःचा मेसेज काढला तर नोंदही होत नाही. ही नोंदवहीसुद्धा ४५ दिवसांपुरतीच मागे जाते. म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्यावा, तो फक्त मॉडना दिसणाऱ्या चॅनेलवर ठेवावा आणि मग काढायचा तो मेसेज काढावा.

दुसऱ्या दिवशी मॉड दोघांशी वेगवेगळे बोलतो. दोघांना एकत्र घेतले की पुन्हा प्रेक्षकांसमोरचा खेळ सुरू होतो. पळालेल्याला त्याने विचारले तर कळते, की त्याच्याकडे स्मोक उरलाच नव्हता आणि उघड्यावर रिव्हाइव्ह करणे शक्य नव्हते. ते त्याने बोलूनही दाखवले होते, पण तिघे एकदम ओरडत असल्याने ऐकूच गेले नाही. खेळाचा प्रश्न इथे सुटतो. उसन्या पैशांचा प्रश्न सर्व्हरचा नाही, तो दोघांनी आपसात बघावा असे मॉडने सरळ सांगावे. गोंगाटावर मात्र उपाय करता येतो. त्या चॅनेलवरची `Use Voice Activity` ही परवानगी बंद केली की प्रत्येकाला बटण दाबूनच बोलावे लागते, आणि पंख्याचा, कुकरच्या शिट्टीचा आवाजही त्याबरोबर जातो. एखाद्याचाच आवाज मोठा असेल तर ऐकणाऱ्याला तो आपल्यापुरता कमी करता येतो, त्यासाठी मॉडची गरज नाही.

सगळ्याच तक्रारी अशा मिटवायच्या नसतात. सर्व्हरवरच्या मुलीला कोणी नकोसे मेसेज पाठवत असेल, फोटो पसरवण्याची धमकी देत असेल किंवा कोणाचा पत्ता उघड करत असेल, तर ते भांडण नव्हे आणि तिथे दोन बाजू ऐकून समेट घडवायचा नसतो. अशा माणसाला मालकाने बॅन करावे, तो कितीही जुना मित्र असला तरी. बॅन करताना त्याचे मागचे मेसेज पुसण्याचा पर्याय समोर येतो. पुरावा जपून ठेवल्याशिवाय तो निवडू नये. डिस्कॉर्डकडे तक्रारही मेसेज जागेवर असतानाच करावी. खासगी मेसेज मॉडला दिसत नाहीत आणि बोलण्याच्या चॅनेलचे रेकॉर्डिंग आपोआप राहत नाही, त्यामुळे जिला त्रास झाला तिने घेतलेले स्क्रीनशॉट हाच बहुधा एकमेव पुरावा असतो. धमकी किंवा ब्लॅकमेल असेल तर `cybercrime.gov.in` या सरकारी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. ती करायची की नाही हे तिने ठरवावे. मॉडने स्क्रीनशॉट, तारखा आणि त्या माणसाचे डिस्कॉर्डवरचे युजरनेम तिच्यासाठी नीट काढून ठेवावे आणि ही गोष्ट बाकीच्या सर्व्हरवर चघळली जाणार नाही हे बघावे.