प्लेट कुठे गेली?

भाड्याने आणलेला कॅमेरा सहसा कुणी हरवत नाही. सगळ्यांचं लक्ष त्याच्यावरच असतं. हरवते ती ट्रायपॉडची प्लेट. कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने बसवायचा हा तळहाताहून लहान तुकडा. पॅकअपनंतर ट्रायपॉड दुकानात परत जातो आणि प्लेट मित्राच्या कॅमेऱ्याखाली तशीच राहून त्याच्या घरी पोहोचते. प्लेटविना ट्रायपॉड पुढच्या गिऱ्हाइकाला देता येत नाही, मग अनामत रकमेतून पैसे कापले जातात.

मुंबईतल्या मोठ्या शूटिंगला भाड्याच्या कॅमेऱ्याबरोबर अटेंडंटही येतो आणि सामान तोच सांभाळतो. चार-पाच जणांनी मिळून केलेल्या लघुपटात त्याची जागा यादीला घ्यावी लागते.

समजा, एक कॅमेरा आणि ट्रायपॉड दुकानातून आणलाय, दुसरा कॅमेरा मित्राचा आहे आणि दिवे ओळखीच्या फोटोग्राफरचे. अशा वेळी यादीत नुसतं ‘कॅमेरा – 2’ लिहून भागत नाही. प्रत्येक वस्तूपुढे मालकाचं नाव, सीरियल नंबर आणि परत करायची वेळ हवी. कॅमेऱ्याखाली त्याची पिलावळही हवी: बॉडी कॅप, चार्जर, केबल, प्लेट. लेन्सवर आधीपासून ओरखडा असेल, तर त्याचा फोटो दुकानाच्या काउंटरवरच काढून घ्यावा. घरी आल्यावर काढलेला फोटो वाद मिटवत नाही.

बॅटऱ्यांना नंबर दिले की कोणती लवकर उतरते ते पहिल्याच दिवशी कळतं. फुगलेली बॅटरी मात्र कॅमेऱ्यात दाबून बसवू नये. ती आत अडकू शकते.

खरी धाकधूक मेमरी कार्डांची. सेकंदाला 100 मेगाबिट या दराने 4K चित्रीकरण केलं, तर तासाला साधारण 45 जीबी भरतात. म्हणजे 128 जीबीचं कार्ड पावणेतीन तासांच्या आसपास पुरतं. पण कार्ड संपणं परवडलं. भरलेलं कार्ड रिकामं समजून फॉरमॅट झालं, तर दिवसाचं काम जातं. म्हणून कार्ड भरलं की त्यावर लाल टेप लावायची, ते वेगळ्या डबीत ठेवायचं आणि यादीत कार्डाचा नंबर, वेळ व घेणाऱ्याचं नाव लिहायचं. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी झाली, फाइलींची संख्या आणि आकार जुळला, काही क्लिप चालवून पाहिल्या, की मगच टेप निघते. हा निर्णय एकाच माणसाचा असावा. दोघे जबाबदार असले की दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने पाहिलं असेल.

परतीची मोजणी गाडीत सामान चढण्याआधी, लोकेशनवरच करावी, दिवे शेवटी उतरवून. गोडाऊनमध्ये गेल्यावर केबल कमी निघाली, तर ती झाडामागे राहिली की दुसऱ्याच्या बॅगेत गेली, हे कळायला मार्ग नसतो. तेव्हाच कॅमेऱ्याचं कार्डाचं झाकण उघडून पाहायचं. कार्ड आतच राहून कॅमेरा दुकानात गेला, तर दुसऱ्या दिवशीचं गिऱ्हाईक शूट सुरू करण्याआधी ते निवांतपणे फॉरमॅट करून टाकतं.