जुन्या बुद्धिबळ संचाचा फोटो : शैली कशी ओळखायची आणि नेमके कोणते मोहरे हरवलेत, हे कसं शोधायचं?

मागच्या रविवारी मामाने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. सतरंजीवर पसरलेले जुने लाकडी मोहरे, रंग उडालेले, काहींची टोकं मोडलेली. खाली मेसेज : 'माळ्यावर आप्पांचा बुद्धिबळ सापडला. बत्तीसपैकी तीस आहेत. पांढरा राजा आणि काळा उंट गेलाय. पांढरा वजीर एक जास्त आहे. कातारी दोन मोहरे करून देतो म्हणतोय. आणि हा शंभर वर्षांचा असेल का गं?'

उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. मामाने मोजलेला तीस हा आकडा बरोबर होता, पण हरवलेल्या मोहऱ्यांची नावं निम्मी चुकली होती. त्या यादीवर काम सुरू झालं असतं, तर कातारी एक अख्खा राजा घडवून बसला असता आणि त्याची गरजच नव्हती.

आधी शैली, मग मोजणी

फोटो पाहिल्यावर आपण लगेच मोजायला लागतो. पण कोणत्या मोहऱ्याला काय म्हणायचं, हे त्या संचाच्या शैलीवरून ठरतं. म्हणून पहिला प्रश्न शैलीचा.

आज स्पर्धांमध्ये आणि बहुतेक घरांत दिसणारी शैली म्हणजे स्टॉन्टन. नॅथॅनिएल कुक यांच्या नावावर या रचनेची नोंदणी १ मार्च १८४९ रोजी झाली. लंडनच्या जाक कंपनीने त्याच वर्षी हे मोहरे बाजारात आणले आणि जाहिरातीसाठी त्या काळचा नामवंत खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन याचं नाव वापरलं. म्हणजे ज्याचं नाव लागलं, त्याने रचना केलेली नाही. (आपल्याकडेही हे नवं नाही.)

या शैलीत प्रत्येक मोहऱ्याची खूण डोक्यावर असते. राजाच्या मुकुटावर क्रॉस, वजिराच्या डोक्यावर दातेरी मुकुट आणि मधोमध छोटा गोळा, उंटाच्या डोक्यात तिरकी खाच, घोड्याचं कोरलेलं तोंड, प्याद्याचं गोल डोकं आणि त्याखाली पातळ कडं. हत्ती मात्र किल्ल्याच्या बुरुजासारखा दिसतो. आपण त्याला हत्ती म्हणतो आणि उंटाला उंट, पण स्टॉन्टनमध्ये हे दोन्ही प्राणी नाहीत. ती खाच म्हणजे ख्रिस्ती बिशपची उंच टोपी. राजस्थानी कोरीव संचांत खरे हत्ती आणि उंट असतात, तिथे हा घोळ होत नाही.

मामाच्या फोटोत बुरुज होते, खाचेचे उंट होते, एका राजावर क्रॉसही शाबूत होता. शैली स्टॉन्टन, यात शंका नव्हती.

हे आधी ठरवणं का गरजेचं, ते दुसरी एक शैली पाहिली की कळतं. स्टॉन्टनच्या आधी इंग्लंडमध्ये 'सेंट जॉर्ज' नावाची शैली चालायची. लंडनच्या सेंट जॉर्ज चेस क्लबवरून हे नाव पडलं. त्यात मोहरे म्हणजे एकावर एक रचलेल्या चकत्या आणि गोळे. त्यात उंट आणि प्यादं एकाच घाटाचे असतात, उंट फक्त मोठा. राजा आणि वजिराचंही साधारण तसंच. अशा संचात एखादा मोहरा ओळखायचा तर उंची हाच मुख्य आधार. तिथे डोक्यावर खाच शोधत बसलात, तर चारही उंट हरवलेत असं वाटेल आणि प्यादी मात्र वीस भरतील. सोळाच्या वर प्यादी निघाली, तर शैली ओळखण्यात चूक झाली का, हे आधी तपासा.

मोडतं ते टोक, टिकते ती बैठक

आता मामाच्या संचाकडे. त्याच्या हिशेबात पांढऱ्या बाजूला राजा नव्हता आणि वजीर दोन होते. वरवर हे पटण्यासारखं आहे, कारण हल्ली बऱ्याच संचांत जादा वजीर देतात. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की तो उपयोगी पडतो. पण मामाचा संच त्या काळातला वाटत नव्हता आणि काळ्या बाजूला वजीर एकच होता.

स्टॉन्टन संचात लवकर मोडणाऱ्या भागांत राजाचा क्रॉस आणि घोड्याचे कान आघाडीवर असतात. क्रॉस बहुतेकदा वेगळा बनवून भोकात चिकटवलेला असतो. मोहरा पडला की तो निखळतो आणि उरलेला राजा घाईत वजिरासारखा दिसतो. बैठकीला मात्र सहसा काही होत नाही. म्हणून जुना मोहरा ओळखताना डोकं पाहून झालं की बैठकीची रुंदी पाहायची.

पहिल्या फोटोत ती मोजता येत नव्हती. मामाने उभं राहून वरून तिरका फोटो काढला होता, त्यामुळे जवळचं प्यादं लांबच्या उंटाएवढं दिसत होतं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या तासाला समोरचं आणि वरचं दृश्य वेगवेगळं काढताना कंटाळा यायचा, त्याचा उपयोग अखेर मामाच्या बुद्धिबळात झाला. मी त्याला दोन नवे फोटो मागितले. पहिल्यात एका रंगाचे सगळे मोहरे एका रांगेत उभे, फोन टेबलावर मोहऱ्यांच्या उंचीला टेकवलेला, चार-पाच फूट मागे नेऊन झूम केलेला. दूरून झूम केलं की जवळ-लांबचा फरक कमी होतो. दुसऱ्यात सगळे मोहरे आडवे, तळ कॅमेऱ्याकडे, शेजारी पट्टी.

नव्या फोटोत उत्तर स्पष्ट होतं. दोन 'पांढऱ्या वजिरां'पैकी एकाच्या मुकुटाला दाते होते. दुसऱ्याचा मुकुट वरून गुळगुळीत घुमटासारखा, मधोमध बारीक भोक आणि भोकात तुटलेली खुंटी. त्याची बैठक ३.६ सेंटिमीटर, काळ्या राजाचीही तेवढीच. दाते असलेल्याची ३.४, काळ्या वजिराएवढी. म्हणजे राजा घरातच होता, फक्त त्याचा क्रॉस गेला होता.

बत्तीस भरले म्हणजे संच पूर्ण, असं नाही

मोजणी दोन्ही रंगांची वेगवेगळी करायची : राजा एक, वजीर एक, उंट, घोडे, हत्ती दोन-दोन, प्यादी आठ. पांढऱ्या बाजूचा राजा सापडला तरी मोहरे पंधराच होते. मामाने प्यादी मोजलीच नव्हती. राजा नाही असं गृहीत धरल्यावर एक कमी असल्याचा हिशेब लागला आणि तो तिथेच थांबला. पांढरी प्यादी सात निघाली.

काळ्या बाजूला उंट एकच होता, तिथे मामा बरोबर होता. प्यादी आठ होती. पण त्यातलं एक मला खटकत होतं. उंचीत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक, तो नजरेत भरला नसता. तळाच्या फोटोत मात्र बाकी सात प्याद्यांची बैठक २.६ सेंटिमीटर आणि या एकाची २.३. गळ्याखालचं कडं जाड. रंगाची झीजही वेगळी. सात प्यादी डोक्यावर, जिथे बोटं पकडतात तिथे, झिजून तपकिरी झाली होती. हे आठवं सगळीकडे सारखं काळं, वर ऑइलपेंटची चकाकी. ते दुसऱ्या कुठल्या तरी संचातलं होतं, नंतर रंगवून बसवलेलं.

मामाच्या यादीत एक राजा आणि एक उंट होता. खरी यादी अशी झाली : पांढरं प्यादं एक, काळा उंट एक, मूळचं काळं प्यादं एक (त्याच्या जागी बदली आहे) आणि पांढऱ्या राजाचा क्रॉस.

वय आणि 'ओरिजिनल'पणा

राहिला शंभर वर्षांचा प्रश्न. शैलीचं नाव फक्त एवढंच सांगतं की हा संच १८४९ नंतरचा आहे. ही घडण आजही चालू आहे. आपल्याकडे अमृतसर त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे ऑनलाइन विक्रीत 'अँटिक स्टॉन्टन' असं लिहिलेलं दिसलं, तर त्यातला 'स्टॉन्टन' फोटोवरून तपासता येतो, 'अँटिक' नाही.

काही खुणा मात्र दिसू शकतात. जाक कंपनीच्या जुन्या संचांत राजाच्या बैठकीच्या कडेवर कंपनीचं नाव ठसवलेलं असतं. अनेक जुन्या इंग्लिश संचांत प्रत्येक बाजूच्या एका घोड्यावर आणि एका हत्तीवर बारीक मुकुटाचा ठसा असतो. तो राजाच्या बाजूचा मोहरा, कारण तेव्हाच्या नोंदीत 'राजाचा घोडा' आणि 'वजिराचा घोडा' वेगळे लिहीत. अशा संचात घोडा हरवला, तर कोणता हरवला हेही सांगता येतं.

मामाच्या संचावर असा कुठलाच ठसा नाही. काळा रंगही वरून दिलेला आहे. एका हत्तीचा कंगोरा उडालाय, तिथे आतलं लाकूड फिकट दिसतं. महागड्या जुन्या संचांत काळ्या बाजूला एबनी वापरत, ते आतपर्यंत काळंच असतं. तेव्हा हा कुठल्या कारागिराने कधी केला, ते फोटोवरून ठरत नाही. विकायचा असता तर मामाची निराशा झाली असती. त्याला नातवाबरोबर खेळायचाय.

कातारीला काय सांगायचं?

सुदैवाने चारही घोडे शाबूत आहेत. बाकी मोहरे लेथवर कातून निघतात, घोड्याचं तोंड हाताने कोरावं लागतं, आणि नेहमीच्या कातारीचं ते काम नाही. उंटासाठी उरलेला काळा उंट नमुना म्हणून द्यायचा. त्यावरून घाट कातायचा आणि तिरकी खाच शेवटी बारीक करवतीने मारायची. पांढऱ्या प्याद्यासाठी कमी झिजलेलं पांढरं प्यादं निवडायचं, नाहीतर झीजसुद्धा नकलेत उतरते. राजाच्या डोक्यातली तुटकी खुंटी बारीक ड्रिलने काढायची आणि काळ्या राजाचा क्रॉस पाहून नवा बसवायचा.

हे सगळं लिहून पाठवलं आणि शेवटी विचारलं, 'ते आठवं काळं प्यादंही नवं करून घ्यायचं का?'

मामाचा लगेच फोन आला. 'ते राहू दे. आप्पांनी शेजारच्यांकडून आणून गेटच्या रंगात रंगवलं होतं. मी ब्रश धरून बसलो होतो.'