आईचा वाटा दोनदा येतो : वडिलांच्या मागे काल्पनिक वाटणीचा हिशोब कसा करायचा?

व्हिडिओत आपण फळ्यावर जे गणित केलं, ते इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

समजा, घाटकोपर स्टेशनजवळ एका एकत्र हिंदू कुटुंबाचं वडिलोपार्जित दुकान आहे. किंमत ७२ लाख धरू. वडील आज वारले, मृत्युपत्र नाही. मागे आई, एक मुलगा आणि लग्न होऊन मुलुंडला गेलेली मुलगी. कोणाला किती?

कायदा इथे एक कल्पना करायला सांगतो. वडील गेले त्याच्या अगदी आधी, ते हयात असतानाच, घराची वाटणी झाली असं समजा. तेव्हा त्यांच्या हातात जो वाटा आला असता, तेवढाच त्यांच्या मागे वारसांत वाटायचा. हीच काल्पनिक वाटणी.

पहिली पायरी. वडील, मुलगा आणि मुलगी हे जन्माने हक्कदार, म्हणजे कोपार्सनर. आई कोपार्सनर नाही आणि ती स्वतः वाटणी मागू शकत नाही. पण नवरा आणि मुलं यांच्यात वाटणी झाली, तर आपल्याकडच्या हिंदू कायद्याप्रमाणे तिलाही मुलाइतका वाटा मिळतो. म्हणून भाग चार. प्रत्येकी १८ लाख.

दुसरी पायरी. वडिलांचे १८ लाख तीन वारसांत जातात : आई, मुलगा, मुलगी. प्रत्येकी ६ लाख. दोन्हींची बेरीज केली की तिघांनाही २४ लाख, म्हणजे १/३.

आता तुम्ही म्हणाल, "सर, मग सरळ तीनने भागलं असतं तर काय बिघडलं असतं?" या घरात काही बिघडलं नसतं, उत्तर योगायोगाने जुळलं. चूक होते ती पहिल्या पायरीवर आईला विसरलं की. मग भाग तीन पडतात, प्रत्येकी २४ लाख. वडिलांचे २४ पुन्हा तिघांत, म्हणजे ८-८. मुलांना ३२-३२ लाख आणि आईला फक्त ८! कागदावर बेरीज बरोबर ७२ येते, त्यामुळे चूक नजरेत भरत नाही. म्हणून तक्ता समोर आला की आधी आईची ओळ बघा. तिच्या नावापुढे दोन आकडे हवेत.

हीच लढाई सांगलीच्या हिराबाई मगदूम यांनी लढली. पती खंडाप्पा १९६०मध्ये वारले. मागे हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. तेव्हा मुली कोपार्सनर नव्हत्या, म्हणून पहिल्या पायरीवर भाग चार : पती, पत्नी, दोन मुलगे. पतीचा १/४ मग सहा वारसांत, प्रत्येकी १/२४. हिराबाईंनी १/४ अधिक १/२४, म्हणजे ७/२४ मागितला. सांगलीच्या न्यायालयाने फक्त १/२४ दिला. उच्च न्यायालयाने ७/२४ मान्य केला आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. मुद्दा असा, की एकदा वाटणी झाली असं मानलं, की तिचे सगळे परिणाम मानावे लागतात. वडिलांचा वाटा काढण्यापुरती कल्पना करायची आणि आईचा वाटा काढताना ती विसरायची, हे चालत नाही.

मुलींचं काय? ९ सप्टेंबर २००५पासून मुलगी मुलासारखीच कोपार्सनर आहे. वडील त्याआधी वारले असतील तर? विनीता शर्मा प्रकरणात २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वडील त्या तारखेला हयात असायची गरज नाही. काल्पनिक वाटणी ही हिशोबापुरती असते, ती खरी वाटणी नव्हे. मात्र २० डिसेंबर २००४पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकमाने खरी वाटणी झाली असेल, तर ती मोडता येत नाही.

आता दोन पायऱ्या खरंच कामाला कुठे येतात ते बघा. त्याच घाटकोपरच्या वडिलांनी "सगळं दुकान मुलाला" असं मृत्युपत्र केलं असतं तर? ते देऊ शकतात फक्त स्वतःचे १८ लाख. मुलाला ३६, आईला १८, मुलीला १८. सरळ तीनने भागणाऱ्याला हे उत्तर सापडणारच नाही.

शेवटी एक खबरदारी. हा हिशोब फक्त एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा आहे. वडिलांनी स्वतःच्या कमाईने बोरिवलीत फ्लॅट घेतला असेल, तर पहिली पायरी नाहीच. मृत्युपत्र नसेल तर सरळ तिघांत समान, आणि असेल तर ते सांगेल तसं. आजोबांकडून आलेली प्रत्येक गोष्टही आपोआप वडिलोपार्जित ठरत नाही. १९५६नंतर आजोबांची स्वतःची मिळकत वडिलांना वारस म्हणून मिळाली असेल, तर ती वडिलांची स्वतःचीच धरतात. म्हणून भागाकार करण्याआधी दस्त काढा, मिळकत कोणाकडून आणि कधी आली ते लिहा, मग वकिलांकडे जा.